डोंगरउतारावरचा फ्लॅट घेताय? आधी कॉलम कशावर उभे आहेत ते बघा

प्रश्न: "आम्ही मूळचे पाटणचे, मिस्टरांच्या नोकरीमुळे गेली अकरा वर्षं सोलनला आहोत. आता इथेच फ्लॅट घ्यायचा विचार चाललाय. दोन बघितलेत. एक 1998 च्या चार मजली बिल्डिंगमध्ये, जागा बऱ्यापैकी सपाट. दुसरा 2019 च्या सात मजली बिल्डिंगमध्ये, तिथे रस्त्यावरून आत गेलं की आपण थेट चौथ्या मजल्यावर असतो, बाकीचे मजले खाली दरीच्या बाजूला. बिल्डर म्हणतो खाली पक्का खडक आहे आणि नवीन बिल्डिंग म्हणजे भूकंपरोधकच. सासूबाईंनी कोयनेचा भूकंप बघितलाय, त्या नको म्हणतात. माती, उतार आणि बिल्डिंगचं वय यात आधी काय बघायचं?"

ताई, मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे, शिमला आणि सोलन भागात सतरा वर्षं काम केलंय, त्यातलं बरंचसं उभ्या बिल्डिंगा तपासायचं. तुमच्या दोन्ही जागा मी बघितलेल्या नाहीत, त्यामुळे हा घ्या आणि तो सोडा असं इथे बसून सांगणं बरोबर होणार नाही. पण विचार कसा करायचा ते सांगतो. माझ्या मते माती, उतार आणि वय असे तीन वेगळे प्रश्न नाहीतच, खरा प्रश्न एकच आहे, की बिल्डिंगचा प्रत्येक कॉलम खाली जाऊन नेमका कशावर टेकलाय, आणि सगळे कॉलम एकसारख्या जमिनीवर टेकलेत का. डोंगरातल्या ज्या ज्या वाकड्या केसेस माझ्या हाताखालून गेल्या त्यातल्या बहुतेकांचं मूळ इथेच निघालं.

आधी बिल्डरच्या त्या "पक्का खडक" बद्दल. आपण सह्याद्रीतली माणसं, आपल्या डोक्यात खडक म्हणजे काळा पाषाण, आडवे थर एकावर एक रचलेले, त्यावर पाया ठेवला की निवांत झोपायचं. हिमालयात तसं नाही. शिमल्याकडे पाटीचा दगड, म्हणजे स्लेट आणि तसलेच पातळ पापुद्र्यांचे दगड खूप, सोलनच्या बाजूला वाळूखडक आणि त्याच्या मधेमधे लालसर-जांभळ्या चिखलदगडाचे थर, जे भिजले की साबणासारखे होतात. आणि हे थर आडवे नाहीत, डोंगर वर उचलले जाताना तिरके झालेत. आता थर डोंगराच्या आत कलले असतील तर बरं, पण उताराच्या दिशेनेच कलले असतील तर ते कललेल्या टेबलावरच्या पत्त्यांच्या गठ्ठ्यासारखं आहे, खालचा आधार कोणी रस्त्यासाठी कापला की वरचे पत्ते घसरायला मोकळे. म्हणजे खडक आहे हे खरं असूनही जागा वाईट असू शकते. हे बघायला भूगर्भशास्त्र शिकायची गरज नाही, बिल्डिंगच्या शेजारी जिथे ताजी कटिंग झालीय तिथे बाजूने उभं राहून बघा, थरांच्या रेषा दरीकडे उतरतायत की डोंगरात शिरतायत ते डोळ्याला दिसतं.

मातीबद्दल कोड काय म्हणतं तेही थोडक्यात सांगतो, कारण यावरून बिल्डर लोक ग्राहकाला गुंडाळतात. भूकंपासाठी बिल्डिंग कशी डिझाइन करायची हे सांगणाऱ्या आयएस 1893 या भारतीय कोडमध्ये जमिनीचे तीन प्रकार आहेत, खडक किंवा कठीण, मध्यम, आणि मऊ. बुटकी, ताठ बिल्डिंग असेल तर तिन्ही जमिनींवर कोड भूकंपाचा साधारण सारखाच जोर धरतं, म्हणून "चार मजल्यांना मातीने काय फरक पडतो" असं ऐकवतात आणि कागदावर ते बरंचसं खरंही आहे. पण बिल्डिंग उंच होत जाते तसा तिचा हेलकावा लांब होतो आणि मग फरक पडायला लागतो. तुमची सात मजली बिल्डिंग साधारण 21 मीटर उंच धरली तर मऊ जमिनीवर तिला खडकाच्या तुलनेत 1.4 ते 1.7 पट जोर धरून डिझाइन करावं लागतं, आत विटांच्या भिंती किती आहेत त्यावर आकडा मागेपुढे होतो. म्हणजे रिपोर्टात "खडक" असं लिहून डिझाइन केलं आणि प्रत्यक्षात खाली भराव निघाला, तर बिल्डिंग पहिल्या दिवसापासून कमी ताकदीची आहे. सोलन भूकंपाच्या झोन 4 मध्ये धरून डिझाइन होत आलंय, आणि याच हिमाचलात 4 एप्रिल 1905 ला कांगड्याचा भूकंप झाला, सुमारे 7.8 चा, वीस हजारांच्या आसपास माणसं गेली. सासूबाईंनी 1967 ला कोयनेला जो अनुभवला तो याच्यापेक्षा बराच लहान होता, तरी त्यांना आजही आठवतो. त्यांचं ऐकून घ्या.

आता उतार. इथे थोडं गणित करू, सोपं आहे. समजा उतार 30 अंशांचा आहे आणि बिल्डिंगची रुंदी, म्हणजे डोंगराकडच्या भिंतीपासून दरीकडच्या भिंतीपर्यंत, 12 मीटर. तर या दोन भिंतींच्या मधे जमीन जवळजवळ 7 मीटर खाली गेलेली असते, म्हणजे दोन मजल्यांहून जास्त. आता बिल्डरला सपाट जागा हवी, तो काय करतो, डोंगराकडचं साडेतीन मीटर कापतो आणि तोच मलबा दरीकडे ढकलून साडेतीन मीटरचा भराव करतो, पुढे एक डंगा, म्हणजे दगडी रिटेनिंग वॉल बांधली की झाला प्लॉट. वरून बघणाऱ्याला सपाट अंगण दिसतं. पण अर्धी बिल्डिंग मूळ जमिनीवर आणि अर्धी ढकललेल्या मलब्यावर. तो मलबा थराथराने दाबलेला नसतो, प्रत्येक पावसाळ्यात थोडाथोडा बसत राहतो, खडकावरची बाजू मात्र हलत नाही, मग बिल्डिंग मधोमध ओढली जाते. हिमाचलच्या नियमांत 45 अंशांपेक्षा जास्त उतारावर बांधकामाला परवानगी नाही, पण 45 च्या खाली म्हणजे सुरक्षित असं कोणी समजू नका. माझा स्वतःचा अंदाज असा की 15-20 अंशांपर्यंत चांगला इंजिनिअर बरंच काही सांभाळून घेतो, 30 च्या वर गेलं की प्रत्येक गोष्ट नीट झालेली असावी लागते, आणि प्रत्येक गोष्ट नीट झालेली बिल्डिंग मी फार कमी बघितलीय.

चांगला बिल्डर भरावावर पाया ठेवत नाही, दरीकडचे कॉलम भराव फोडून खाली मूळ जमिनीपर्यंत नेतो. हे बरोबरच आहे, पण मग दुसरी अडचण येते आणि ती भूकंपाची आहे. डोंगराकडचा कॉलम समजा दीड मीटर लांब, दरीकडचा साडेचार मीटर लांब, वर दोघांना एकच स्लॅब जोडलेला. भूकंपात स्लॅब आडवा सरकतो तेव्हा दोघांना सारखंच सरकावं लागतं. कॉलमचा ताठपणा लांबीच्या घनाच्या उलट प्रमाणात बदलतो, म्हणजे एक तृतीयांश लांबीचा कॉलम 27 पट ताठ. परिणाम असा की जवळपास सगळा जोर ते आखूड कॉलम अंगावर घेतात, आणि आखूड कॉलम वाकत नाही, तो तिरका चिरून फुटतो, तोही अचानक. याला आम्ही शॉर्ट कॉलम म्हणतो. याच्यावर उपाय आहेत, आखूड कॉलममध्ये पूर्ण उंचीभर सळयांभोवतीच्या रिंगा जवळजवळ टाकणं, दरीकडच्या बाजूला शिअर वॉल, म्हणजे आडवा जोर घेणाऱ्या काँक्रीटच्या भिंती देणं, लांब कॉलम मधेमधे बीमने बांधणं. म्हणून तुमच्या सात मजलीत सगळ्यात खाली उतरून बघा. दरीकडे नुसते उंच सडपातळ कॉलम उभे असतील, मधे ना भिंत ना बीम, तर मी तरी तिथूनच परत फिरेन.

एक केस सांगतो, जागा सोलनच्या जवळची. उतार साधारण वर सांगितला तेवढाच, रस्ता वरच्या बाजूला, रस्त्याखाली तीन मजले आणि वर दोन. 2023 च्या पावसानंतर सोसायटीने बोलावलं, म्हणाले प्लॅस्टरला भेगा आहेत, रंग द्यायच्या आधी जरा बघून जा. मी गेलो तर भेगा सगळ्या मजल्यांवर एकाच ओळीत, मधल्या कॉलमांच्या रांगेलगत, डोंगराला समांतर. दरीकडच्या खोल्यांचे दरवाजे घासत होते, डोंगराकडच्या खोल्यांचे नीट लागत होते. प्लॅस्टरच्या भेगा अशा एका रेषेत येत नाहीत. दोन खड्डे खणायला लावले. डोंगराकडे अर्ध्या मीटरवर स्लेट लागली. दरीकडे तीन मीटर खाली गेलो तरी भरावच, विटांचे तुकडे आणि प्लॅस्टिकच्या पिशव्यासुद्धा निघाल्या, आणि पाया त्याच्यातच ठेवलेला. त्यात भर म्हणजे शौचालयाचा सोकपिट, म्हणजे शोषखड्डा, त्याच भरावात, म्हणजे वर्षानुवर्षं रोजचं पाणी आत मुरतंय. डंग्याला पाणी निघायला भोकं ठेवलेली होती, पण सगळी मातीने बुजलेली. आम्ही भेगांवर काचेच्या पट्ट्या चिकटवल्या, भेग वाढली की पट्टी तडकते, आणि दोन महिन्यात तीन पट्ट्या तडकल्या. मग सोकपिट बंद करून लाइन सिवरला जोडली, बिल्डिंगच्या वरच्या अंगाला पाणी अडवून बाजूला नेणारी नाली केली, डंग्याची भोकं मोकळी केली. त्या हिवाळ्यात पट्ट्या शाबूत राहिल्या. सोसायटीला वाटलं काम झालं. मी त्यांना लेखी दिलं की झालंय ते पाण्याचं काम, भूकंपाचा प्रश्न जसाच्या तसा आहे, कारण पाया भरावातच आहे आणि डोंगराकडचे कॉलम आखूडच आहेत. त्यासाठी पाया खालून मजबूत करायला लागतो आणि कॉलमना जॅकेटिंग, म्हणजे भोवतीने नव्या सळया आणि काँक्रीटचं आवरण, खर्च मोठा, आणि दहा घरांपैकी चार घरं तयार होती. फ्लॅट घेताना हे लक्षात ठेवा, स्वतःच्या घराची दुरुस्ती एकटा माणूस ठरवू शकतो, बिल्डिंगच्या पायाची नाही.

जागा बघायला शक्यतो जोराच्या पावसानंतर दुसऱ्या दिवशी जा, उन्हाळ्यातला डोंगर काहीच सांगत नाही. डंगा पोट काढून पुढे आलाय का, त्याच्या भोकांतून पाणी येतंय का. पावसानंतर येत असेल तर ते चांगलं लक्षण आहे, कोरडी भोकं आणि ओली फुगलेली भिंत हे वाईट. आजूबाजूची देवदार-चीडची झाडं बुंध्यापाशी दरीकडे वाकून मग वर सरळ झालीत का, तसं असेल तर वरची माती हळूहळू सरकतेय. विजेचे खांब कललेत का, रस्त्याच्या दरीकडच्या कडेला कोयत्यासारख्या अर्धगोल भेगा आहेत का, आणि त्यावर पुन्हा पुन्हा डांबर लावलेलं दिसतंय का. फ्लॅटमध्ये फरशीवर एक गोटी ठेवा, एका खोलीत घरंगळली तर फरशी वाकडी बसवली असेल, पण सगळ्या खोल्यांत दरीकडेच जायला लागली तर मग इंजिनिअर बोलावल्याशिवाय पुढचं बोलणं करू नका.

आणि फक्त आपल्या प्लॉटकडे बघून चालत नाही, वर काय आहे आणि खाली काय चाललंय तेही बघायला लागतं. 14 ऑगस्ट 2023 ला शिमल्यात समरहिलला शिवमंदिर गेलं, 20 माणसं गेली, तिथे मंदिराचं बांधकाम चांगलं की वाईट हा प्रश्नच नव्हता, वरून डोंगर आला आणि सगळं घेऊन गेला, कालका-शिमला रेल्वेचे रूळ हवेत लोंबकळत राहिले. सोलनजवळ कुमारहट्टीला 14 जुलै 2019 ला पावसात बिल्डिंग कोसळली त्यात 14 जण गेले, बहुतेक आपले जवान होते. या दोन्ही वेळी भूकंप नव्हता, नुसता पाऊस होता. भूकंप भर पावसाळ्यात आला तर काय होतं ते सिक्कीमने 18 सप्टेंबर 2011 ला बघितलं, 6.9 चा धक्का आणि भिजलेले डोंगर, ठिकठिकाणी दरडी. त्यामुळे बिल्डिंगच्या खालच्या अंगाला कोणी नवीन रस्ता किंवा प्लॉट कापत असेल तर तो तुमचा पाया कापतोय असंच समजा, जमीन कोणाच्या नावावर आहे याने डोंगराला फरक पडत नाही.

आता वय. बिल्डर म्हणतो नवीन म्हणजे भूकंपरोधक, त्यात अर्धं खरं आहे. भूकंपात कॉलम तुटू नये, वाकून टिकावा म्हणून सळया कशा बांधायच्या हे सांगणारं आयएस 13920 हे कोड 1993 चं. म्हणजे 1998 च्या बिल्डिंगच्या वेळी ते होतं, पण लहान गावातल्या साइटवर ते कितपत पाळलं जायचं हे मी बघितलंय, फार कमी. 26 जानेवारी 2001 ला भूज झालं, 2002 ला आयएस 1893 ची नवी आवृत्ती आली, त्यानंतर हळूहळू सुधारणा झाली. म्हणून मी 2002 च्या आधीची बिल्डिंग असेल तर सळयांचं ते डिटेलिंग नाहीच असं धरून चालतो आणि उलटा पुरावा मागतो. आणि 2016 नंतर 13920 मध्ये कॉलमची कमीत कमी बाजू 300 मिलिमीटर झाली. हे तुम्ही स्वतः टेप लावून बघू शकता. घरातले कॉलम भिंतीत लपलेले, कोपऱ्यात कुठेच बाहेर आलेले नसतील तर ते बहुतेक नऊ इंची म्हणजे 230 मिलिमीटरचे आहेत. 1998 च्या बिल्डिंगमध्ये ते तेव्हाच्या चालीप्रमाणे आहे, पण 2019 च्या बिल्डिंगमध्ये नऊ इंची कॉलम निघाले तर "नवीन म्हणजे भूकंपरोधक" हे तिथेच खोटं ठरलं. प्लास्टर करायच्या आधी टेपने मोजाल तर 300 स्वच्छ मिळतं, नंतर मोजाल तर प्लास्टरची जाडी वजा करा, हे विसरू नका.

दुसरं, वय म्हणजे नुसतं बांधल्याचं वर्ष नाही. 1998 ची चार मजली बिल्डिंग मंजूर किती मजल्यांची होती? डोंगरात वर मजला चढवायची आणि नंतर तो नियमित करून घ्यायची सवय फार आहे. कागद नियमित होतो, खालचा कॉलम तेवढाच राहतो. टाउन प्लॅनिंगचा मंजूर नकाशा मागा आणि मजले स्वतः मोजा, रस्त्याखालचेसुद्धा, कारण मोजताना तेच सोयीस्कर विसरले जातात. मग गच्ची आणि बाथरूमच्या खालचे स्लॅब बघा, सळईच्या रेषेत तपकिरी डाग किंवा सुटलेलं काँक्रीट असेल तर आत गंज आहे. तळमजल्यावर नंतर दुकान किंवा पार्किंग काढायला भिंती पाडल्यात का तेही विचारा, वर भिंतीच भिंती आणि खाली नुसते कॉलम ही रचना भूकंपात सगळ्यात आधी बसते.

मग तुमच्या दोनपैकी? मी असतो तर 1998 ची सपाट जागेवरची आधी तपासली असती, नवीन नव्हे. कारण असं की सपाट जागा आणि एकसारखी जमीन ही पैशाने नंतर मिळत नाही, काँक्रीटची ताकद मात्र तपासता येते, हॅमर टेस्ट, अल्ट्रासोनिक, चार-पाच ठिकाणी कोअर, म्हणजे काँक्रीटचे गोल नमुने काढून, आणि कॉलम चारच मजल्यांचे असतील तर जॅकेटिंगही आवाक्यातलं असतं. पण "बऱ्यापैकी सपाट" म्हणजे मूळचं सपाट की भरावाने केलेलं सपाट, हे आधी नक्की करा, कारण भरावाचं सपाट असेल तर माझं हे सगळं मत उलटं होईल. शेजारच्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, तिथे आधी काय होतं, नाला होता का, शेताच्या पायऱ्या होत्या का, त्यांना बरोबर आठवतं आणि कोणत्याही रिपोर्टात ते लिहिलेलं नसतं.

सात मजली पूर्ण बाद असंही मी म्हणत नाही. बिल्डरकडून तीन कागद मागा, माती तपासणीचा रिपोर्ट, पायाचं ड्रॉइंग आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरचं डिझाइन. रिपोर्टात बोअर कुठे घेतले ते नकाशावर बघा, डोंगराकडे आणि दरीकडे दोन्हीकडे घेतलेले हवेत, नुसता रस्त्याच्या कडेला एक बोअर घेऊन "खडक" लिहिलं असेल तर तो दरीकडच्या कॉलमांबद्दल काहीच सांगत नाही. ड्रॉइंगमध्ये प्रत्येक पायाची खोली वेगळी दाखवलीय का बघा, तिरक्या जमिनीवर सगळ्या पायांना एकच खोली लिहिलेली असेल तर ते ड्रॉइंग सपाट प्लॉटवरून उचललंय. आणि रिंगांचं डिटेल, टोकं 135 अंशांत आत वळवलेली, सांध्याजवळ रिंगा दाट. हे कागद देणारा बिल्डर असेल तर मग स्वतंत्र इंजिनिअरला पैसे देऊन एक दिवस साइटवर न्या, फ्लॅटच्या किमतीपुढे ती फी काहीच नाही. इंजिनिअर बिल्डरने सुचवलेला नको.

तुम्ही हिमाचलचे शेतकरी नसल्यामुळे इथे मालमत्ता घ्यायला लागणाऱ्या कलम 118 च्या परवानगीचा विषय येईल, तो वकिलाकडून बघून घ्या, माझा प्रांत नाही. पण टोकन देण्याआधी दोन्ही बिल्डिंगांचे खालून, दरीच्या बाजूने काढलेले फोटो इथे टाका, समोरचे रंगवलेले नकोत, कॉलमचे पाय, डंगा आणि बाजूची कटिंग दिसेल असे, म्हणजे मला आणि इथल्या बाकीच्यांना काहीतरी नेमकं सांगता येईल.